केस वाकडा न करता...

शीर्षक वाचून कुणी तेलाच्या जाहिरातीची अपेक्षा केली असेल तर आधीच माफी मागते. हे केस डोक्यावरचे नव्हेत. घड्याळाची यंत्रं आणि काटे ज्या धातूच्या घरात बसवलेले असतात त्या घराला घड्याळजी ‘केस’ म्हणतात, ती ही केस. मराठीत हिला चांगला शब्द नाही. कुणी डबी म्हणतं, कुणी नुसतंच ‘बॉडी’. मी आपली केसच म्हणेन.

घड्याळाबद्दल लोक बोलतात तेव्हा आत काय आहे यावर तासन् तास बोलतात. ऑटोमॅटिक की क्वार्ट्झ, जपानी की स्विस. पण मनगटाला आतलं काहीच लागत नाही हो! मनगटाला लागते ती केस, तिच्यामागचं झाकण आणि पट्ट्याचं बक्कल. घड्याळ जड वाटेल की हलकं, वर्षभरात ओरखडे पडतील की नाही, थंडीत हाताला चटका बसेल की नाही, खाज सुटेल की नाही, हे सगळं बाहेरच्या धातूवर ठरतं. माझी बरीच वर्षं धातू तपासायच्या लॅबमध्ये गेली हे इथे नेहमी येणाऱ्यांना ठाऊक आहेच, त्यामुळे या विषयावर मला जरा जास्तच बोलायला आवडतं. घरातले कंटाळले, आता तुमची पाळी. :)

हे सगळं निघालं आमच्या दादामुळे. दादा चौतीस वर्षं फाउंड्रीत काढून निवृत्त व्हायचा होता आणि आम्ही भावंडांनी मिळून त्याला एक बरंसं घड्याळ द्यायचं ठरवलं होतं. अडचण एकच. दादा गेली वीसएक वर्षं घड्याळ घालतच नव्हता. घातलं की आठ-दहा दिवसांत झाकणाखाली गोल लाल चट्टा, मग खाज, मग पाणी सुटायचं. वहिनीचं म्हणणं, ‘त्यांना घड्याळ सोसत नाही.’ म्हणजे जसं काही वांगं सोसत नाही तसं! तेव्हा आमच्यासाठी प्रश्न ‘कुठलं घड्याळ छान दिसेल’ हा नव्हताच. दिलेलं घड्याळ कपाटात जाणार की हातावर राहणार, हा होता.

घरात लगेच तीन पक्ष पडले. पुतणी म्हणाली, ‘आत्या, सिरॅमिक घेऊया, बाबांच्या हातात काहीही टिकत नाही, त्याला ओरखडेच पडत नाहीत.’ धाकटा भाऊ ब्रॉन्झवर अडून बसला. ‘फाउंड्रीवाल्या माणसाला ओतकामाचाच धातू शोभतो’ म्हणे. वहिनी म्हणाली, ‘साधं स्टीलचं बघा, काय नाटकं करायची ती.’ मी टायटॅनियमच्या बाजूची, पण माझं ऐकतो कोण? म्हणून मग एकेक मुद्दा कागदावर मांडला.

पहिला मुद्दा वजनाचा. एक घन सेंटिमीटर स्टील साधारण आठ ग्रॅम भरतं. घड्याळातलं ब्रॉन्झ त्याहून थोडं जास्त, पावणेनऊच्या आसपास. सिरॅमिक, म्हणजे इथे झिर्कोनिया, सहा. आणि टायटॅनियम फक्त साडेचार. आता चाळीस मिलिमीटरच्या मध्यम घड्याळाच्या केसमध्ये आणि झाकणात मिळून पाच घन सेंटिमीटर माल आहे असं धरा. स्टीलची केस चाळीस ग्रॅम होईल, ब्रॉन्झची चव्वेचाळीस, सिरॅमिकची तीस आणि टायटॅनियमची बावीस-तेवीस. आतलं यंत्र, काच, तबकडी यांचे वीस ग्रॅम आणि चामड्याच्या पट्ट्याचे पंधरा मिळवले की स्टीलचं घड्याळ पंचाहत्तर ग्रॅम आणि टायटॅनियमचं सत्तावन्न-अठ्ठावन्न. फरक आहे, पण हातावर चार दिवसांत विसरला जाईल इतकाच.

खरी गंमत धातूचा पट्टा घेतला की सुरू होते. पट्ट्यात केसपेक्षाही जास्त धातू जातो. आठ घन सेंटिमीटर धरले तर स्टीलचा पट्टाच चौसष्ट ग्रॅम, टायटॅनियमचा छत्तीस. आता अख्खं घड्याळ स्टीलमध्ये १२४ ग्रॅम आणि टायटॅनियममध्ये ७८-७९. हा फरक मात्र संध्याकाळपर्यंत मनगटाला कळतो. म्हणून चामड्याच्या पट्ट्याचं घड्याळ घेणाऱ्याने ‘टायटॅनियम किती हलकं!’ या कौतुकाला फार भुलू नये, आणि साखळीचा पट्टा हवा असेल त्याने ते अजिबात दुर्लक्षू नये.

दादाचा आक्षेप मात्र उलटाच निघाला. दुकानात टायटॅनियमचं घड्याळ त्याच्या तळहातावर ठेवलं तर म्हणाला, ‘हे आतून पोकळ आहे काय गं?’ सगळं आयुष्य हातात कास्टिंग घेऊन वजनावरून त्याची प्रत ओळखण्यात गेलेलं. जड ते खरं, हलकं ते आत पोकळ राहिलेलं, हे त्याच्या हाडात मुरलंय. खरं तर आपल्या सगळ्यांच्याच. भांडं घेताना आई नाही का आधी हातात तोलून बघायची? टायटॅनियमचं पहिलं मनगटी घड्याळ सिटिझनने १९७० साली काढलं. तेव्हापासून हा धातू ‘पण हे हलकं कसं?’ या एकाच प्रश्नाला तोंड देत आलाय, असं मला वाटतं.

दुसरा मुद्दा ओरखड्यांचा. इथे लोकांचा मोठा गोंधळ असतो. ‘टायटॅनियम’ म्हटलं की विमान आणि रॉकेट डोळ्यांपुढे येतं आणि वाटतं, याला काय होणार! पण मजबूत असणं वेगळं आणि कठीण असणं वेगळं. लॅबमध्ये आम्ही विकर्स यंत्रावर छोटा हिऱ्याचा पिरॅमिड ठरावीक वजनाने धातूवर दाबायचो आणि उमटलेला खळगा सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचो. खळगा लहान तर धातू कठीण. घड्याळात वापरतात ते स्टील, ३१६एल, या मापावर दोनशेच्या आत-बाहेर येतं. शुद्ध टायटॅनियम, ज्याला ग्रेड २ म्हणतात, तेही तेवढंच, कधी थोडं कमीच! अॅल्युमिनियम आणि व्हॅनेडियम मिसळलेलं ग्रेड ५ साडेतीनशेच्या घरात जातं. ब्रॉन्झ स्टीलच्याच आसपास किंवा त्याखाली. आणि झिर्कोनिया? बाराशे!

आता हे आकडे नुसते पाठ करून उपयोग नाही. घड्याळाला ओरखडतं कोण, ते बघायला हवं. किल्ल्या आणि नाणी यांच्यावर आपण उगाच आळ घेतो. मुख्य गुन्हेगार असते वाळू. वाळूतला कण म्हणजे क्वार्ट्झ, आणि त्याचं काठिण्य हजाराच्या वर. धुळीत, टेबलावर, शर्टाच्या बाहीत असे कण असतातच. म्हणजे स्टील दोनशे असो की ग्रेड ५ टायटॅनियम साडेतीनशे, वाळूच्या कणापुढे दोघंही लोणीच. फक्त सिरॅमिक तेवढं त्या कणाच्या बरोबरीने उभं राहतं. दादा तर चौतीस वर्षं फाउंड्रीच्या वाळूत वावरलेला. तिच्यापुढे साध्या धातूचं काय झालं असतं ते सांगायलाच नको. पुतणीचा मुद्दा इथे शंभर टक्के बरोबर होता.

सिरॅमिकवर कधी ओरखडा दिसलाच तर एक करून बघा. शाळेतला खोडरबर घ्या आणि घासा. बहुतेक वेळा तो ओरखडा पुसला जातो! कारण तो ओरखडा नसतोच. आपण ज्या लोखंडी दारावर हात घासला त्या दाराचाच धातू झिजून सिरॅमिकला चिकटलेला असतो, पाटीवर पेन्सिल उठावी तसा.

मग सिरॅमिकच का नको? कारण कठीण वस्तू वाकत नाही, फुटते. झिर्कोनियाची पूड साच्यात दाबतात, मग १४०० अंशांच्या वर भट्टीत भाजतात. भाजताना तुकडा प्रत्येक बाजूने जवळपास पाचव्या हिश्श्याने आकसतो, म्हणून आधी तो मुद्दाम मोठा करावा लागतो. पुढचं काम हिऱ्याच्या हत्यारांनीच. इतर सिरॅमिकच्या मानाने झिर्कोनिया बराच चिवट आहे, रोजच्या टकरींना तो दाद देत नाही. पण शहाबादी फरशीवर कोपऱ्यावर पडला तर कोपरा उडू शकतो, आणि उडालेला कोपरा ना ठोकून सरळ करता येतो ना पॉलिश करून लपवता येतो. केसच बदलावी लागते. स्टीलला पोचा येतो, सिरॅमिकला टवका उडतो. दादा निवृत्तीनंतर शेतावर राहणार होता. विहिरीच्या काठावर, मोटरच्या खोलीत, ट्रॅक्टरच्या फाळावर घड्याळ काढून ठेवायची त्याची सवय मला लहानपणापासून माहीत. सिरॅमिक बाद झालं ते एवढ्यावरच. पुतणी दोन दिवस रुसली होती.

स्टीलच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर वहिनीवर अन्याय होईल. स्टीलचा ओरखडा दुरुस्त होतो. कुठलाही बरा घड्याळजी केस घासून पुन्हा चकचकीत करून देतो. मात्र दर वेळी थोडा धातू जातो, आणि तीन-चार वेळा पॉलिश झालेल्या केसच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गोल होतात. जुनं घड्याळ विकत घेताना मी आधी कडाच बघते. टायटॅनियमचं पॉलिश जमणारा घड्याळजी मात्र सहज सापडत नाही. तो धातू घासताना तापतो, हत्याराला चिकटतो, आणि चुकलं की डाग राहतो. यावर काही कंपन्या टायटॅनियमच्या पृष्ठभागावर प्रक्रिया करून वरचा पातळ थर हजारापर्यंत कठीण करतात. वाळूला तो बराच पुरतो. पण खाली मऊच धातू, त्यामुळे जोरात ठोका बसला की खड्डा पडतो, आणि तो घासायला गेलात तर कठीण थरच जातो. म्हणजे हे घड्याळ जसं म्हातारं होईल तसं स्वीकारायचं!

आता ब्रॉन्झ. धाकट्याचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता, कारण तांब्याच्या या कुटुंबाशी आपली जुनी सोयरीक आहे. काशाची वाटी आठवते का? तळपायाला तूप लावून ती घासली की वाटीखाली काळं साचायचं आणि आजी म्हणायची, ‘बघ, अंगातली उष्णता बाहेर आली.’ उष्णता कसली, तुपातली आम्लं आणि घाम लागून तांब्याने रंग बदललेला असायचा! पितळेच्या पातेल्यात ताक राहिलं की ते कळकतं, तोच प्रकार. ब्रॉन्झमध्ये आपल्या काशापेक्षा कथील बरंच कमी, साधारण आठ टक्के, बाकी बहुतेक तांबं. हवेने ते आधी तपकिरी होतं. घाम आणि खारी हवा लागली की खाचांमध्ये हिरवी पूड धरते. शौकिनांना नेमका तोच रंग हवा असतो, कारण प्रत्येकाच्या घामानुसार प्रत्येकाचं घड्याळ वेगळं दिसतं. ओरखडे पडतात, पण त्या रंगात बुडून जातात. आणि कंटाळा आलाच तर आपलं लिंबू-मीठ आहेच, ओल्या फडक्याने पुसून काढलं की पुन्हा लख्ख. (किल्लीच्या फटीत मात्र ते जाऊ देऊ नका.)

मनगटावर हिरवा डाग पडू नये म्हणून ब्रॉन्झच्या घड्याळांना मागचं झाकण सहसा स्टीलचं किंवा टायटॅनियमचं लावतात. तरी केसच्या कडा आणि बक्कल कातडीला लागतातच. हा डाग साबणाने जातो, तो ऍलर्जी नव्हे. पण दादाला ‘डाग’ या शब्दाचीच धास्ती.

म्हणजे शेवटी सगळं येऊन थांबलं तिसऱ्या मुद्द्यावर, कातडीवर. आणि हा मुद्दा खरं तर पहिला असायला हवा होता.

घड्याळाखाली चट्टा उठला की सगळे ‘ऍलर्जी’ म्हणतात. पण पुष्कळदा तो नुसता घाम आणि साबण अडकून ओली राहिलेली कातडी असते. पट्टा एक भोक सैल केला, झाकण आठवड्याला धुतलं की तो जातो, धातू कुठलाही असो. खरी ऍलर्जी असते ती बहुधा निकेलची, आणि ती ओळखायची एक सोपी खूण आहे. चट्टा फक्त घड्याळाखाली येतो, की इतर धातूंखालीही? वहिनीला विचारलं तर ती पटकन म्हणाली, ‘अगं, बेंबीखाली पट्ट्याच्या बक्कलपाशी त्यांना कायम काळं पडलेलं असतं, खाजवत असतात.’ बक्कल आणि घड्याळ, दोन्हीकडे तेच! दादाला घेऊन कातडीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पाठीवर छोट्या पट्ट्या चिकटवल्या, दोन दिवसांनी काढून बघितल्या आणि आणखी दोन दिवसांनी पुन्हा बघितलं. निकेलच्या चौकोनात लाल पुरळ. वीस वर्षांचं ‘घड्याळ सोसत नाही’ चार दिवसांत उलगडलं.

आता प्रश्न असा की ३१६एल स्टीलमध्येही दहा ते चौदा टक्के निकेल असतं. मग ते चालेल की नाही? इथे किती निकेल आहे हे महत्त्वाचं नसून किती बाहेर सुटतं हे महत्त्वाचं. चांगल्या स्टीलवर क्रोमियमच्या ऑक्साइडचा अदृश्य पापुद्रा असतो आणि तो निकेलला आतच डांबून ठेवतो. युरोपातल्या नियमानुसार कातडीला सतत लागणाऱ्या वस्तूतून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये, आणि हे स्टील त्याच्या बरंच आत राहतं. निकेल न सोसणाऱ्या बऱ्याच लोकांना ते चालतं. घात होतो तो स्वस्त घड्याळांत. तिथे केस पितळेची, वर निकेलचा मुलामा आणि त्यावर क्रोमचा पातळ थर. घामाने आणि घासून क्रोम गेला की निकेल थेट कातडीवर. दादाचं जुनं घड्याळ अजून वहिनीच्या डब्यात होतं. बाजारात निकेल तपासायचं द्रावण मिळतं, त्याचे थेंब कापसाच्या बोळ्यावर घेऊन धातूवर अर्धा मिनिट घासायचे. कापूस गुलाबी झाला तर निकेल सुटतंय. दादाच्या घड्याळाच्या कडेवर कापूस गुलाबी झाला. बक्कलवर तर चांगलाच!

टायटॅनियममध्ये निकेल मुद्दाम घातलेलंच नसतं. झिर्कोनियातही नसतं. म्हणून दादासाठी हे दोनच निर्धास्त पर्याय होते, आणि त्यातला एक फरशीने बाद केला होता. पण घेताना एक गोष्ट मी दुकानदाराला तीनदा विचारली. बक्कल कशाचं आहे? कारण ‘टायटॅनियमचं घड्याळ’ म्हणून विकतात त्यात केस टायटॅनियमची आणि बक्कल साध्या स्टीलचं किंवा मुलाम्याचं असू शकतं, आणि मनगटाच्या आतल्या मऊ बाजूला टेकतं ते नेमकं बक्कलच. आम्ही केस, झाकण, पट्टा आणि बक्कल, सगळं टायटॅनियमचं आणि वरचा थर कठीण केलेलं घेतलं.

स्पर्शाचं एक राहिलंच. धातू थंड लागतो म्हणजे तो थंड असतो असं नाही, खोलीत सगळ्यांचं तापमान सारखंच. तो आपल्या कातडीतली ऊब किती वेगाने ओढून घेतो त्यावर ते ठरतं. ब्रॉन्झ सगळ्यात हावरट, मग स्टील. टायटॅनियम बरंच सौम्य आणि सिरॅमिक तर चहाच्या कपासारखं, लगेच अंगाशी जुळवून घेणारं. पौषातल्या पहाटे शेतावर जाणाऱ्या माणसाला हा फरक कळतो.

दादाला घड्याळ देऊन आता आठ महिने झाले. चट्टा नाही. खालच्या कडेला एक खड्डा पडलाय, ट्रॅक्टरला आपटून. तो तसाच राहणार, हे मी त्याला आधीच सांगितलं होतं. परवा फोनवर वहिनी म्हणाली, ‘आंघोळीलासुद्धा काढत नाहीत आता.’ मी म्हटलं, ‘काढायला सांग. खालची कातडी रोज कोरडी व्हायला हवी.’ हो, टायटॅनियमखालीसुद्धा घाम साचतोच. धातू बदलून निकेल जातं, घाम जात नाही.